या चुका टाळा: कापलेले चालते, पुसलेले चालत नाही

नॅशनल जिऑग्राफिकच्या 2012 च्या छायाचित्र स्पर्धेत हॅरी फिश यांच्या वाराणसीतील गंगाकाठच्या पूजेच्या छायाचित्राला स्थळ विभागात पहिले स्थान मिळाले होते. मात्र चौकटीच्या कडेला आलेली एक लहानशी पिशवी त्यांनी संगणकावर पुसून टाकल्याचे लक्षात येताच ते छायाचित्र बाद ठरले. ती पिशवी तशीच ठेवली असती किंवा कडेकडून क्रॉप करून चौकटीबाहेर घालवली असती, तर निकालात काहीही फरक पडला नसता, असे संपादकांनीच त्यांना कळवले होते. आपल्याकडच्या स्पर्धकांकडून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ हा भेद न समजण्यात आहे.

क्रॉप केल्याने दृश्याची चौकट लहान होते, पण उरलेल्या भागात कॅमेऱ्याने जे टिपले तेच राहते. क्लोन किंवा हीलिंग ब्रशने वस्तू पुसली की तिच्या जागी शेजारचे पाणी, गवत किंवा आकाश आणून बसवले जाते, म्हणजे त्या ठिकाणी कधीच नसलेले काहीतरी चित्रात येते. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत 2010 मध्ये स्तेपान रुदिक यांच्या कीव्हमधील रस्त्यावरच्या मारामारीवरील छायाचित्रमालिकेचे पारितोषिक याच कारणाने रद्द झाले. त्यांनी मूळ फ्रेमचा मोठा भाग कापून टाकला होता आणि चित्र कृष्णधवलही केले होते, पण आक्षेप त्यांपैकी कशावरही नव्हता. बँडेज बांधल्या जाणाऱ्या हातामागे दुसऱ्या माणसाच्या पायाचा जो तुकडा दिसत होता, तेवढाच पुसला गेला होता, आणि तेवढे पुरेसे ठरले.

एक उदाहरण घेऊ. भिगवणला नावेतून टिपलेल्या रोहित पक्ष्याच्या फ्रेममध्ये उजव्या कडेला मासेमारीच्या जाळ्याचा बांबू आला आहे, आकाशात दोन काळे ठिपके आहेत आणि क्षितिज किंचित कलले आहे. बांबू कडेलाच असल्याने तो क्रॉपने जाऊ शकतो. पक्ष्याच्या मागून वर आलेला असेल, तर मात्र तो तसाच ठेवावा किंवा दुसरी फ्रेम निवडावी. ठिपके पुसण्यापूर्वी त्याच सकाळच्या इतर फ्रेम्स पाहाव्यात. कॅमेरा हलवल्यानंतरही ठिपका प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी राहत असेल, तर ती सेन्सरवरची धूळ आहे आणि ती काढण्यास स्पर्धांची मुभा असते. ठिपका फ्रेमगणिक सरकत असेल, तर तो दूरचा पक्षी आहे, आणि त्याला हात लावता येणार नाही.

क्षितिज सरळ करताना तर चूक नकळत घडते. चित्र फिरवले की कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण उरतात आणि ते भरण्यासाठी `Content-Aware Fill` वापरले, की सॉफ्टवेअरने रचलेले पाणी चित्रात शिरते. पक्ष्याच्या चोचीपुढे जागा कमी पडते म्हणून कॅनव्हास वाढवून तो भरणे, हाही याच जातीचा दोष आहे. रिकामे कोपरे कापून टाकावेत, मग चौकट थोडी आवळली तरी चालेल.

निसर्ग विभागात आणखी एक चूक वारंवार होते आणि तिचे मला विशेष वाईट वाटते, कारण ती पूर्णपणे अनावश्यक असते. या विभागात मानवी वस्तू नको, एवढेच ऐकलेले स्पर्धक वाघाच्या गळ्यातील रेडिओ कॉलर किंवा पक्ष्याच्या पायातील कडे पुसून टाकतात. वास्तविक फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, म्हणजे पीएसएच्या निसर्ग व्याख्येत वन्य प्राण्यांवरील शास्त्रीय खुणा आणि कॉलर यांना स्पष्ट परवानगी आहे. कॉलरसह जे चित्र नियमात बसले असते, तेच ती पुसल्यामुळे बाद होते.

काहीही न पुसतासुद्धा वस्तू नाहीशी करता येते. पार्श्वभूमी इतकी गडद केली की मागची माणसे किंवा झाडे काळ्या रंगात बुडून गेली, तर तोही आशयातील बदल मानला जातो. वर्ल्ड प्रेस फोटोच्या 2015 च्या स्पर्धेत अंतिमपूर्व फेरीत पोहोचलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के स्पर्धकांची चित्रे तपासणीत बाद झाली, आणि त्यांत बारीक वस्तू पुसणे व असे अतिरेकी टोनिंग हे दोन्ही प्रकार होते.

पुढच्या फेरीत गेलेल्या स्पर्धकाकडून मूळ रॉ फाइल मागवली जाते आणि ती अंतिम चित्राशेजारी ठेवून तज्ज्ञ तपासतात. हीच तपासणी प्रवेशिका पाठवण्यापूर्वी घरी करावी. रॉ फाइल कोणताही बदल न करता उघडावी, तिला अंतिम चित्राइतकेच क्रॉप करावे, दोन्ही चित्रे एकाच जागी शंभर टक्के आकारात ठेवून आलटूनपालटून पाहावीत आणि कडा, कोपरे व गडद भाग सावकाश तपासावेत. रॉमध्ये दिसणारी एखादी वस्तू अंतिम चित्रात सापडत नसेल आणि ती धूळ नसेल, तर तो बदल मागे घ्यावा. तसे केल्यावर चित्र मनासारखे राहत नसेल, तर ते या विभागात पाठवू नये.