मेल-यादीतून नाव काढायला सांगताना: नवीन आलेल्यांसाठी

इथे परदेशात नोकरीला लागलात की थोड्याच दिवसांत तुमचा मेल-पत्ता नको त्या याद्यांत जाऊन बसतो. तुमच्याशी काडीचा संबंध नसलेल्या चर्चा रोज येऊन पडायला लागतात. आपली मंडळी मग दोनपैकी एक करतात. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून महिनोन्‌महिने गप्प बसतात, नाहीतर एक दिवस वैतागून सगळ्यांना उत्तर पाठवतात: ‘मला यातून काढा.’ दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी महाग पडते.

एक प्रसंग सांगतो. आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या एका मुलाला दुसऱ्या इमारतीतल्या दुरुस्तीच्या चर्चेत कुणीतरी घातलं होतं. त्याने ‘रिप्लाय ऑल’ करून नाव काढायची विनंती केली. भाषा अगदी नम्र होती. पण ती विनंती शेकडो लोकांच्या इनबॉक्समध्ये गेली. त्यातल्या काहींनी ‘मलाही’ म्हणून सगळ्यांना लिहिलं, मग ‘कृपया रिप्लाय ऑल करू नका’ असं सांगणारे आले, तेही सगळ्यांनाच. दुपारपर्यंत कामाचे मेल त्या ढिगात हरवले आणि साहेबांना त्या मुलाचं नाव पहिल्यांदा कळलं ते या कारणाने. हे मोठमोठ्या संस्थांतही होतं. नोव्हेंबर 2016 मध्ये ब्रिटनच्या आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, एक चाचणी-मेल चुकून लाखो कर्मचाऱ्यांना गेला आणि ‘मला काढा’ म्हणणाऱ्या उत्तरांनीच मेलव्यवस्था मंदावली.

म्हणून लिहायच्या आधी मेलच्या ‘To’ आणि ‘Cc’ या ओळी उघडून बघा. तिथे तुमचं नाव सुटं दिसतंय की एखाद्या यादीचं नाव आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

नाव सुटं असेल, तर तुम्हाला ‘काढून टाकायची’ सोय कुणाकडेच नसते. प्रत्येक उत्तर आधीच्या मेलवरचे पत्ते उचलून पुढे जातं. एकाने तुम्हाला वगळलं तरी दुसरा कुणी जुन्या मेलला उत्तर देतो आणि तुम्ही परत आत. तेव्हा जो माणूस चर्चा चालवतोय त्या एकालाच लिहा, दोन-तीन ओळींत: ‘नमस्कार, दुरुस्तीच्या चर्चेत माझा पत्ता आला आहे. माझा या कामाशी संबंध नाही, बहुधा नामसाधर्म्यामुळे झालं असावं. पुढच्या मेलमधून माझं नाव वगळाल का? धन्यवाद.’ नामसाधर्म्य असेल तर हे आवर्जून लिहा, कारण ज्याला खरंच तो मेल हवा होता तो माणूस तिकडे वाट बघत असतो. माफीचा परिच्छेद नको. इथल्या लोकांना अशी थेट विनंती मुळीच उद्धट वाटत नाही. उलट लांबलचक माफी वाचून ते गोंधळतात. उरलेल्या मेलसाठी जीमेलमध्ये ‘Mute’ आहे. आउटलुकचं ‘Ignore’ मात्र जपून वापरा, ते त्या चर्चेतले पुढचे मेलही थेट ‘Deleted Items’मध्ये टाकतं.

यादीचं नाव असेल, तर मेल पाठवणाऱ्याच्या हातात बहुतेकदा काही नसतं. यादी सांभाळणारा वेगळा असतो. मेलच्या तळाशी ‘Unsubscribe’ आहे का बघा. नसेल आणि यादी मेलमन या प्रणालीवर चालत असेल, तर यादीच्या पत्त्यात थोडा बदल करून मेल पाठवायचा:

```
यादी:            news@example.org
बाहेर पडायला:     news-leave@example.org
सांभाळणाऱ्याला:   news-owner@example.org
```

पहिल्या पत्त्यावर ‘unsubscribe’ लिहून पाठवलंत तर ते सगळ्या सभासदांना जाऊ शकतं, हे पुन्हा पुन्हा सांगतो. दुसऱ्या पत्त्यावर पाठवल्यावर सहसा खात्री करून घेणारा मेल परत येतो. त्याला उत्तर दिल्याशिवाय नाव निघत नाही. बरेच जण इथेच थांबतात आणि मग यादीला दोष देतात.

एवढं करूनही मेल येतच राहिले, तर बहुतेक वेळा तुमचा जुना पत्ता यादीत असतो आणि तिथून मेल नव्या पत्त्यावर वळवलेले असतात. नव्या पत्त्यावरून विनंती केली की यादी सांगते, असा सभासदच नाही. जीमेलमध्ये मेल उघडून ‘Show original’ करा आणि ‘To’ आणि ‘Delivered-To’ या ओळींत जुना पत्ता सापडतो का पाहा. सापडला तर यादी सांभाळणाऱ्याला तोच पत्ता लिहून कळवा. ऑफिसच्या यादीत विभागाची आख्खी यादी घातलेली असेल, तर तुमचं एकट्याचं नाव तिथून निघत नाही. आयटीवाल्यांनाच विचारावं लागतं.

स्वतःहून नाव दिलेल्या यादीला ‘स्पॅम’ म्हणून खूण करू नका, त्याने इतरांचेही मेल अडकू शकतात.

आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटातून बाहेर पडायचं असेल, तर आधी ॲडमिनला एक ओळ लिहा. 2022 पासून बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनलाच जाते, त्यामुळे चारचौघांत बोभाटा होत नाही. पण ज्येष्ठ मंडळी मनाला लावून घेतात आणि ॲडमिन बऱ्याचदा त्यांच्यातलेच असतात.