नाक मंदावलं म्हणून सुगंध वाढवू नका: घरातल्या ज्येष्ठांसाठी परफ्यूम निवडताना या चुका टाळा

आजोबांना हल्ली वास येत नाही, मग त्यांच्यासाठी जरा कडक परफ्यूम घेऊ, असा विचार सहज होतो. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

साधारण साठीनंतर नाकाच्या छतातली वास ओळखणारी नाजूक त्वचा विरळ होत जाते. तिथल्या चेतापेशी आयुष्यभर मरतात आणि नव्या तयार होतात, पण वयाबरोबर हे नवं तयार होणं मंदावतं. पासष्ट ते ऐंशी या वयातल्या निम्म्याहून अधिक लोकांची वास घेण्याची क्षमता घटलेली असते, आणि बऱ्याच जणांना ते स्वतःला कळतही नाही. नजर अधू झाली की माणूस चष्मा मागतो. नाकाच्या बाबतीत मात्र तो म्हणतो, "हल्लीच्या परफ्यूममध्ये दमच नाही."

पण ही घट सगळीकडे सारखी नसते. एक वास स्पष्ट येतो, दुसरा पुसट, तिसरा मुळीच नाही. वास जाणवणं एक आणि तो कशाचा आहे हे ओळखता येणं दुसरं. वयानुसार दोन्ही कमी होतात. शिवाय स्पिरिट, कापूर, पुदिना यांची नाकात होणारी झणझण वासाच्या चेतातंतूंची नसते, ती चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या वेगळ्या चेतातंतूची असते. त्यामुळे सुवास पोचत नसला तरी झोंबणं पोचू शकतं. कडक परफ्यूम दिल्यावर आजोबांना फूल जाणवत नाही, ठसका मात्र लागतो, आणि शेजारी बसलेल्यांचं डोकं उठतं ते वेगळंच.

दुसरी चूक 'हलका' शब्दाच्या भरवशावर खरेदी करण्याची. ओ द कोलोनमध्ये सुगंधी द्रव्य साधारण २ ते ५ टक्के, ओ द परफ्यूममध्ये १५ ते २० टक्के. उरलेला मोठा भाग मुख्यतः अल्कोहोल. म्हणजे कोलोनचा सुवास हलका, पण फवारताना झोंबायची शक्यता तितकीच. दमा किंवा जुनाट खोकला असेल तर हवेत फवारायचं काहीच नको. बिनअल्कोहोलचं सौम्य सुगंधाचं लोशन बरं, आणि तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला वाटाणाभर लावून दोन दिवस पाहावं. ज्येष्ठांची कातडी पातळ आणि कोरडी असते, तिला खाज लवकर सुटते.

कोरड्या कातडीवर सुगंध टिकतही नाही. अशा वेळी फवारे वाढवण्याआधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं, ते मुरलं की एकच फवारा मारावा. रुमालावर किंवा उपरण्यावर मारला तर आणखी टिकतो, फक्त रेशमावर आणि फिक्या रंगाच्या कापडावर डाग पडतो.

निवड करताना कस्तुरी, अंबर, ऊद असे थरावर थर चढवलेले मिश्रण टाळावे. एकच ओळखीचा वास पुढे असणारा सुगंध घ्यावा: लिंबू, संत्रं, लॅव्हेंडर किंवा गुलाब. नाक अर्धीच माहिती देत असलं तरी ओळखीच्या वासाला आठवण जोड देते. लिंबूवर्गीय वास मात्र अर्ध्या-पाऊण तासात विरतात, तेव्हा 'टिकत नाही' हा दोष नाकाचाच असेल असं नाही.

दुकानातल्या पहिल्या श्वासावर निर्णय नको. समजा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या आत्यासाठी सुगंध घ्यायचा आहे. तीन नमुने आणा. कागदाच्या पट्टीवर एकाचाच फवारा मारा, अल्कोहोल उडून जायला दोन मिनिटं थांबा आणि पट्टी नाकापासून अंदाजे दोन इंचांवर धरा. "कसा आहे?" असं विचारलं तर "छान" एवढंच उत्तर येतं. "कशासारखा वाटतो?" असं विचारा. पुढचा नमुना देण्याआधी दहा मिनिटं जाऊ द्या, कारण वयस्कर नाकाला एका वासातून मोकळं व्हायला वेळ लागतो. आत्या गुलाबाला "फुलासारखा" म्हणाल्या, लिंबाला लगेच "लिंबू" म्हणाल्या आणि तिसऱ्याला "नुसता स्पिरिटचा वास" म्हणाल्या, तर तिसरा बाद. उरलेल्या दोघांतला एक मनगटावर लावून घरात दोन तास वावरू द्या. डोकं जड झालं, शिंका आल्या तर तोही बाद.

आणि सर्वांत जास्त होणारी चूक: वास येईनासा झाला म्हणून दिवसभर फवारे मारत राहणं. सतत येणाऱ्या वासाला कुणाचंही नाक काही मिनिटांत सरावतं, वय झालेलं नाक तर आणखीच लवकर. म्हणून संख्या ठरवून टाका: सकाळी एक, बाहेर जाताना फार तर आणखी एक. जास्त झाला का, हे हातभर अंतरावर उभ्या असलेल्या दुसऱ्याने सांगावं. त्या अंतरावरही वास अंगावर येत असेल तर फवारा कमी करा.

एक गोष्ट मात्र सुगंध बदलून सुटत नाही. वास हळूहळू न जाता काही दिवसांत गेला, एकाच नाकपुडीतून येईनासा झाला किंवा सगळंच जळकं वाटू लागलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गॅसची गळती किंवा उतलेलं दूध ज्यांना कळत नाही, त्यांच्या स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म परफ्यूमआधी बसवायला हवा.