मॅट्रिक्स कीपॅड वाचताना या चुका टाळा

४×४ कीपॅडच्या १६ बटणांसाठी आठ पिना पुरतात: एकेक ओळ आळीपाळीने लो करायची आणि चार स्तंभ वाचायचे. पुढील उदाहरणात ५ व्होल्टवर चालणारा ATmega328P घेतला आहे. ओळी PB0 ते PB3 वर आणि स्तंभ PD4 ते PD7 वर आहेत, व स्तंभांचे अंतर्गत पुल-अप चालू आहेत.

पहिली चूक म्हणजे ज्या ओळींची पाळी नाही त्यांना आउटपुट करून हाय ठेवणे. एकेक बटण दाबून तपासल्यास सारे सुरळीत दिसते. परंतु १ आणि ४ ही एकाच स्तंभातील बटणे एकदम दाबली, की एक हाय आणि एक लो आउटपुट थेट एकमेकांना जोडले जातात. मग स्तंभाचा व्होल्टेज अधांतरी राहतो आणि पिनेतील प्रवाह ४० मिलिअँपिअरच्या कमाल मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. म्हणून अशा ओळी इनपुट करून मोकळ्या सोडाव्यात.

मात्र ओळ मोकळी सोडताच स्तंभ तत्क्षणी हाय होत नाही, आणि दुसरी चूक येथेच होते. वायरची धारिता १०० पिकोफॅरड मानली आणि अंतर्गत पुल-अप त्याच्या कमाल मूल्याचा, म्हणजे ५० किलोओहमचा धरला, तर स्तंभ हाय वाचला जाण्याइतका वर यायला साधारण ४.६ मायक्रोसेकंद लागतात. १६ मेगाहर्ट्झवर तेवढ्या वेळात ७० हून अधिक क्लॉक सायकल होऊन जातात. परिणामी १ दाबले असता लगेच पुढच्या ओळीतील ४ देखील दाबल्यासारखे दिसते. भुताटकीचे बटण नेहमी त्याच स्तंभात आणि वाचनक्रमातील पुढच्या ओळीत असेल, तर दोष वेळेचाच समजावा. `digitalWrite` वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही चूक बऱ्याचदा झाकलेली राहते, कारण त्या फंक्शनचा संथपणाच हवा तो विलंब देतो; थेट रजिस्टर वापरू लागताच ती उघडी पडते.

```c
DDRB |= (1 << r);
_delay_us(10);
cols = ~PIND & 0xF0;
DDRB &= ~(1 << r);
```

येथे PORTB चे हे चार बिट कायम ० असले पाहिजेत. एखादा बिट १ राहिला, तर ती ओळ पाळी आल्यावर लो होण्याऐवजी हाय होईल.

विलंब वाढवूनही भूत जात नसेल आणि ते तीन बटणे दाबल्यावरच दिसत असेल, तर कारण निराळे आहे. १, २ आणि ४ दाबल्यावर दुसरी ओळ लो केली, की प्रवाहाला दुसऱ्या स्तंभातून २, पहिली ओळ, १, पहिला स्तंभ आणि ४ असा आडमार्ग मिळतो आणि न दाबलेले ५ नोंदले जाते. सॉफ्टवेअरला खरे आणि खोटे ५ वेगळे ओळखता येत नाही. प्रत्येक बटणाला एक डायोड, अ‍ॅनोड स्तंभाकडे व कॅथोड ओळीकडे ठेवून, जोडल्यास हा मार्ग बंद होतो; पातळ मेम्ब्रेन कीपॅडमध्ये ती सोय नसल्याने, आयताचे चारही कोपरे दाबलेले दिसताच ते वाचन टाकून देणे एवढेच हाती उरते.