आयताकृती कॉइलवरचा टॉर्क: θ मोजताना या चुका टाळा

τ = NIAB sinθ हे सूत्र बारावीच्या मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. तरीही त्यावरचं गणित चुकतं, आणि बहुतेक वेळा गडबड एकाच जागी सापडते: θ नेमका कोणत्या दोन गोष्टींमधला कोन, हे तपासलेलंच नसतं. म्हणून एकच गणित घेऊ आणि त्यातूनच सगळ्या चुका बघू.

50 वेढ्यांची आयताकृती कॉइल आहे. उभ्या बाजू 8 सेमी, आडव्या 5 सेमी, विद्युतधारा 2 अँपिअर. क्षेत्र आडवं आणि एकसमान, 0.25 टेस्ला. कॉइल उभ्या अक्षाभोवती फिरू शकते, आणि तिचं प्रतल क्षेत्राशी 30° चा कोन करतं. टॉर्क किती?

आधी मॅग्नेटिक मोमेंट काढा. क्षेत्रफळ 40 चौसेमी, म्हणजे 4 × 10⁻³ चौमी. (इथे 10⁻² ने गुणणारे दरवर्षी भेटतात. सेमीचं मीटर करताना 10⁻² असतं, पण चौसेमीचं चौमी करताना ते दोनदा लागतं.) m = NIA = 50 × 2 × 4 × 10⁻³ = 0.4 A·m². त्यामुळे mB = 0.1 N·m. या कॉइलवर या क्षेत्रात यापेक्षा जास्त टॉर्क येऊच शकत नाही.

आता कोन. गणितात 30° दिसला की हात आपोआप sin 30° लिहितो आणि उत्तर 0.05 येतं. ते चूक आहे. सूत्रातला θ हा m आणि B यांच्यातला कोन, आणि m कॉइलच्या प्रतलात नसतो, प्रतलाला लंब असतो. प्रतल क्षेत्राशी 30° करत असेल तर लंब 60° करतो. म्हणून τ = 0.1 × sin 60° = 0.0866 N·m. पेपर काढणारे हा कोन मुद्दाम प्रतलाचा देतात, त्यामुळे वाक्यात ‘प्रतल’ लिहिलंय की ‘लंब’, हे वाचल्याशिवाय sin लिहूच नका. टोकाच्या स्थितीवरूनही पडताळता येतं. प्रतल क्षेत्राला समांतर असेल तेव्हा टॉर्क सर्वाधिक असतो आणि कॉइलमधून जाणारा फ्लक्स शून्य. प्रतल क्षेत्राला लंब असेल तेव्हा फ्लक्स सर्वाधिक आणि टॉर्क शून्य. ‘जास्त फ्लक्स म्हणजे जास्त टॉर्क’ असं वाटत असेल तर तुम्ही नेमके उलट्या टोकाला आहात.

सूत्रावर विश्वास नसेल, आणि नसावाच, तर बलांवरून तेच उत्तर काढा. उभी बाजू क्षेत्राला कायम लंब असते, कॉइल कशीही वळली तरी. त्यामुळे प्रत्येक उभ्या बाजूवरचं बल NIlB = 50 × 2 × 0.08 × 0.25 = 2 न्यूटन, आणि ते बदलत नाही. कॉइल फिरते तसं बल कमी-जास्त होतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. बदलतं ते दोन बलांच्या क्रियारेषांमधलं लंब अंतर. इथे ते 0.05 × sin 60° = 0.0433 मी. आहे. 2 × 0.0433 = 0.0866, तेच उत्तर. sinθ सूत्रात आला तो या अंतरातून.

इथे आणखी एक घसरण होते. अक्ष मध्यातून जातो म्हणून काही जण अर्धी रुंदी घेतात, एकाच बाजूचं बल धरतात आणि निम्म्या उत्तरावर थांबतात. अर्धी रुंदी घ्यायची तर दोन्ही बाजू धरा. आणि अक्ष मध्याऐवजी एका उभ्या बाजूवरून गेला तर? त्या बाजूचा टॉर्क शून्य होतो, पण समोरच्या बाजूला पूर्ण रुंदी मिळते. बेरीज तीच राहते, कारण ही दोन बलं म्हणजे बलयुग्म आहे.

वरच्या-खालच्या बाजूंवर बल नसतं, असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. ते फक्त प्रतल क्षेत्राला समांतर असताना खरं आहे. आपल्या स्थितीत त्या बाजू क्षेत्राशी 30° करतात, म्हणजे प्रत्येकीवर 50 × 2 × 0.05 × 0.25 × sin 30° = 0.625 न्यूटन बल आहे: एकीवर वर, दुसरीवर खाली. पण दोन्ही बलं एकाच उभ्या रेषेत आहेत, म्हणून ती कॉइलला ताणतील किंवा दाबतील, फिरवणार नाहीत. आणि हो, या 30° चा sin बरोबर आहे, कारण F = IlB sin च्या सूत्रातला कोन तारेचा असतो. एकाच गणितात दोन वेगळे कोन आणि दोन्हींना sin, गोंधळ होतो तो यामुळेच.

आता थोडं खोल पाणी. कॉइलच्या प्रतलाला लंब दोन असतात, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. m कोणत्या बाजूला, हे विद्युतधारेची दिशा ठरवते: उजव्या हाताची बोटं धारेच्या दिशेनं वळवली की अंगठा m दाखवतो. तेव्हा आपल्या कॉइलचा θ 60° असेल किंवा 120°. sin दोन्हींचा सारखाच, त्यामुळे टॉर्कचा आकडा बिघडत नाही आणि चूक लपून राहते. ती बाहेर येते ऊर्जेत. U = −mB cosθ धरलं, तर 60° ला −0.05 ज्यूल आणि 120° ला +0.05 ज्यूल. कॉइल सोडली की टॉर्क तिला θ = 0 कडे नेतो, जिथे U = −0.1 आहे. म्हणजे पहिल्या स्थितीतून तिथपर्यंत टॉर्कनं केलेलं काम 0.05 ज्यूल, दुसऱ्या स्थितीतून 0.15 ज्यूल. तिप्पट! हे काम τ × कोन असं थेट गुणून काढू नका. 60° म्हणजे 1.047 रेडियन, त्याला 0.0866 ने गुणलं तर 0.0907 येतं, जवळजवळ दुप्पट. वाटेत टॉर्क घटत शून्यावर येतो, ते या गुणाकाराला कळत नाही.

θ = 180° लाही टॉर्क शून्यच असतो, पण तिथून कॉइल जराशी हलली की परत येत नाही, दूरच जाते. त्यामुळे ‘टॉर्क शून्य, म्हणून स्थिर समतोल’ हे अर्धंच उत्तर झालं.

शेवटची चूक गॅल्व्हानोमीटरची. तिथे सूत्रात sin का नाही, हे न विचारता NIAB = kφ पाठ केलं जातं, आणि मग तेच एकसमान क्षेत्रातही वापरलं जातं. गॅल्व्हानोमीटरमध्ये चुंबकाचे ध्रुव अंतर्वक्र असतात आणि मध्ये मऊ लोखंडाचा दंडगोल असतो. त्यामुळे क्षेत्र त्रिज्यीय होतं, कॉइल वळली तरी प्रतल क्षेत्राला समांतरच राहतं आणि sinθ कायम 1. आपलीच कॉइल घ्या. सुरुवातीला प्रतल क्षेत्राला समांतर ठेवा आणि k = 0.1 N·m प्रति रेडियनची स्प्रिंग लावा. त्रिज्यीय क्षेत्रात ती 1 रेडियन, म्हणजे सुमारे 57° वळेल. एकसमान क्षेत्रात मात्र समीकरण NIAB cosφ = kφ असं होतं आणि कॉइल सुमारे 42° वर थांबते. विद्युतधारा दुप्पट केली तर पहिलीचं विचलन दुप्पट होईल, दुसरी जेमतेम 59° पर्यंत जाईल. अशा यंत्राच्या पट्टीवर समान अंतरावर रेघा आखता येणार नाहीत.