पाउंड केक लहान टिनात: आधी अंडी तोला

मैदा, लोणी, साखर आणि अंडी प्रत्येकी एक पाउंड, म्हणून नाव पाउंड केक. मूळ मापाने जवळजवळ 1800 ग्रॅम मिश्रण होतं. आपल्या छोट्या टिनात ते मावणार कसं?

माप कमी करताना सुरुवात अंड्यांपासून करा, कारण अर्धं अंडं घेणं कटकटीचं. माझ्या टिनात काठोकाठ 650 मिली पाणी मावतं. त्याला दोन अंडी पुरतात. फोडून, टरफलाशिवाय तोलली तर 96 ग्रॅम भरली. मग मैदा, लोणी, साखरही 96-96 ग्रॅमच. टिन दोन तृतीयांशाच्या आसपास भरतो, वर फुगायला जागा राहते.

बेकिंग पावडर नसेल तर सगळी भिस्त लोणी-साखर फेटण्यावर. मिश्रण पांढुरकं, हलकं होईपर्यंत फेटा. अंडी फ्रिजमधली थंडगार नकोत, नाहीतर मिश्रण फाटतं. फाटलंच तर त्यातलाच चमचाभर मैदा घाला.

तापमान तेच, 160-170 अंश. वेळ मात्र कमी. पस्तिसाव्या मिनिटाला मधोमध सुरी खुपसून पाहा. ओलं मिश्रण चिकटलं तर आणखी पाच मिनिटं. वरची भेग चालते, मधला खड्डा बहुधा कच्चेपणाचा.