भामट्याने तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपला स्वतःचा पिन लावला, तर ते परत कसे मिळवाल?

समजा, सोमवारी रात्री तुमच्या वहिनींच्या नंबरवरून मेसेज येतो: ‘चुकून माझा कोड तुझ्याकडे आलाय, जरा पाठव ना.’ वहिनींचे खाते आधीच चोरीला गेलेले असते, पण ते तुम्हाला कुठे ठाऊक? तुम्ही एसएमएसमधले सहा आकडे पाठवता. मिनिटभरात तुमचे व्हॉट्सअ‍ॅप बंद पडते आणि भामट्याच्या फोनवर सुरू होते. मग तो सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करतो आणि स्वतःच्या मनातला पिन टाकतो. जे कुलूप तुम्ही लावायला हवे होते, ते आता त्याने लावलेले असते.

इथे सगळा घोळ होतो तो दोन आकड्यांचा. एसएमएसने येणारा कोड सहा अंकी आणि पिनही सहा अंकीच. कोड तुमच्या सिमवर येतो, म्हणजे तो तुमच्या हातात आहे. पिन मात्र फक्त त्याला माहीत आहे. एसएमएसचा कोड पिनच्या चौकटीत पुन्हा पुन्हा टाकून ‘चुकीचा का म्हणतंय?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. तसे करू नका, कारण चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबण्याची वेळ वाढत जाते.

पहिले काम, लगेच करायचे: तुमच्याच फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडा, आपला नंबर टाका आणि नवा कोड मागवा. अ‍ॅप काढून टाकू नका, जुन्या गप्पा त्या फोनमध्येच आहेत. कुणाच्या सांगण्यावरून तुम्ही फोनवर चांदणीने सुरू होणारा एखादा नंबर डायल केला असेल, तर आधी फोनच्या कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग बंद करा. नाहीतर कोड सांगणारा कॉल थेट त्याच्याकडे जाईल. कोड मागवताना ‘काही तासांनी प्रयत्न करा’ असे दिसले, तर तेवढा वेळ खरोखर थांबा.

एसएमएसचा कोड बरोबर टाकला की पुढच्या पडद्यावर पिन मागितला जातो. बहुतेकांचा धीर इथे सुटतो, आणि नेमकी हीच जागा समजून घेण्यासारखी आहे. तुम्हाला पिन माहीत असो वा नसो, एसएमएसचा कोड टाकला त्याच क्षणी भामटा तुमच्या खात्यातून बाहेर फेकला जातो. तुम्ही आत गेलेला नसता, पण तोही आत राहिलेला नसतो. पुन्हा शिरायला त्यालाही नवा कोड लागेल, आणि तो तुमच्याच सिमवर येणार. म्हणून पिन माहीत नसला तरी हे पाऊल ताबडतोब उचलायचे.

Forgot PIN? दाबून फारसे हाती लागत नाही. त्याने पिनसोबत स्वतःचा ईमेल जोडला असेल, तर पिन बदलण्याची लिंक त्याच्याच पेटीत जाईल. दुसरा मार्ग ७ दिवस थांबण्याचा. ही मुदत सरली की पिनशिवाय आत जाता येते. मंगळवारी सकाळी तुम्ही कोड टाकलात, तर पुढच्या मंगळवारच्या आसपास दार उघडेल. किती वेळ उरला आहे ते पडद्यावर दिसते, तेच खरे धरा. ‘पाचशे रुपयांत पिन काढून देतो’ म्हणणारे लोक या आठवड्यात हमखास भेटतात. पिन काढण्याची कुठलीही गुप्त चावी त्यांच्याकडे नसते.

या दिवसांत न मागता आलेला कोणताही कोड कुणालाही सांगू नका. तो पुन्हा प्रयत्न करतोय, एवढाच त्याचा अर्थ. ओळखीच्यांना फोन करून किंवा साध्या एसएमएसने कळवा. सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपवर तुमच्या नावाने पैसे मागितले गेले असतील, तर तिथल्या एखाद्याला तसे जाहीर करायला सांगा. तुमच्या फोनमधले जुने मेसेज त्याला केवळ त्या कोडमुळे वाचता येत नाहीत. ग्रुप आणि त्या काळात आलेले नवे मेसेज मात्र दिसलेले असू शकतात.

मुदत संपल्यावर पुन्हा नंबर टाका, एसएमएसचा कोड द्या आणि आत जा. आत गेल्यावर आधी Linked devices उघडा. तिथे अनोळखी संगणक किंवा फोन दिसला, तर त्याला लॉग आउट करा. मग Settings, त्यात Account आणि त्यात Two-step verification असे जाऊन स्वतःचा पिन ठेवा. ईमेलचा पर्याय टाळता येतो म्हणून बरेच जण तो टाळतात. माझ्या मते ते अर्धेच काम झाले, कारण पिन विसरलात तर पुन्हा तोच आठवडा. आपलाच ईमेल टाका, आणि त्या ईमेलचा पासवर्ड वेगळा ठेवा.

मधल्या काळात तुमच्या नावावर कुणी पैसे पाठवले असतील, तर ज्याच्या खात्यातून गेले त्याने १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. यासाठी मात्र ७ दिवस थांबायचे नाही. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता आले, तरच परत मिळण्याची शक्यता असते.