फोटोइलेक्ट्रिक गणितात आधी एकक ठरवा

लातूरला बारावीच्या वर्कशीट तपासताना मला सर्वाधिक चुका सूत्रात नव्हे, तर इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि ज्यूल यांच्या सरमिसळीत आढळतात. म्हणून तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये दिली असेल, तर 1240 ला तिने भागून फोटॉनची ऊर्जा थेट इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढावी.

समजा, सोडियमचे वर्क फंक्शन 2.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि प्रकाश 400 नॅनोमीटरचा आहे. फोटॉनची ऊर्जा 3.1 येते, त्यातून 2.3 वजा केल्यावर कमाल गतिज ऊर्जा 0.8 इलेक्ट्रॉन-व्होल्ट उरते आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार एक एकक असल्यामुळे स्टॉपिंग पोटेन्शिअल तितकेच, म्हणजे 0.8 व्होल्ट असते. येथे पुन्हा 1.6 × 10⁻¹⁹ ने गुणणे ही नेहमीची चूक आहे. तो गुणाकार थ्रेशोल्ड वारंवारतेसाठी मात्र आवश्यक आहे: 2.3 चे ज्यूल करून 6.63 × 10⁻³⁴ ने भागल्यास सुमारे 5.55 × 10¹⁴ हर्ट्झ मिळते.

प्रकाश 600 नॅनोमीटरचा असेल, तर ऊर्जा 2.07 च भरते आणि वजाबाकी ऋण येते. अशा वेळी ऋण स्टॉपिंग पोटेन्शिअल लिहू नये. प्रकाशाची तीव्रता कितीही वाढवली, तरी इलेक्ट्रॉन बाहेर पडणार नाहीत, हेच उत्तर लिहावे.